भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिकवणी आणि शिवणकाम : मालकांची परवानगी कशी मागावी?

लांजेकरीण
नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीत नाचणे रोडला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. सोसायटी बारा फ्लॅटची, लिफ्ट नाही. मालक डोंबिवलीला असतात, गणपतीत आणि मे महिन्यात गावी जाताना एकदा डोकावतात. माणूस चांगला आहे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. करार ११ महिन्यांचा, ऑनलाइन नोंदवलेला. भाडं ८,५००, अनामत २५,०००. त्यात "सदर मिळकत केवळ निवासी वापरासाठी" असं स्पष्ट वाक्य आहे.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका विचारतायत, संध्याकाळी मुलांचं गणित घ्याल का. पाचवी ते सातवीची पाच-सहा मुलं, साडेचार ते साडेसहा. शिवाय मला शिवण येतं. लांज्याला असताना ब्लाऊज आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवायचे. मशीन घरचंच आहे, त्याला छोटी मोटर बसवलीय.

काकांना दोन्ही एकदम विचारू की एकेक करून? फोनवर की लिहून? आणि ते नाही म्हणाले तर पुढच्या करारावर त्याचा परिणाम होईल का, ही धाकधूक आहे.

खेडशीनाका
विचारूच नका. पाच मुलं म्हणजे क्लास नाही आणि दोन ब्लाऊज म्हणजे कारखाना नाही. मालक डोंबिवलीला, त्यांना कोण सांगणार? विचारलं की माणूस विचार करतो, विचार केला की नाही म्हणतो.

चिपळूणचा_घरमालक
खेडशीनाका, माझा याला सपशेल विरोध आहे. मी त्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. चिपळूणच्या माझ्या फ्लॅटमधल्या भाडेकरू बाईंनी न विचारता शिकवणी सुरू केली. मला कळलं ते सोसायटीच्या सेक्रेटरींच्या फोनवरून, आणि तेही "तुमच्याकडे क्लास चालतो, तुम्ही परवानगी घेतली नाहीत" अशा शब्दांत. बाई सज्जन होत्या, मुलं शांत होती. पण मला चार लोकांत उत्तर देता आलं नाही. करार संपल्यावर मी पुढे वाढवला नाही.

लांजेकरीण, मालकाच्या डोक्यात नेमकं काय असतं ते सांगतो, म्हणजे बोलणं सोपं जाईल. पहिली भीती लाइटबिलाची. मीटर माझ्या नावावर, उद्या तो कमर्शियल केला किंवा दंड लावला तर कागद माझ्याकडे येणार. दुसरी सोसायटीची. तिसरी सगळ्यात मोठी आणि कुणी तोंडाने बोलत नाही: धंदा जमला की हे लोक जागा सोडतील का? पोटाचा प्रश्न उभा राहिला की माणसाला हलवणं कठीण, असं जुन्या लोकांच्या मनात पक्कं बसलंय. या तिन्हींचं उत्तर त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही दिलंत तर निम्मं काम झालं.

पावस_पॉइंट
लाइटबिलाची भीती खरी आहे. घरात कसलाही व्यवसाय केला की कमर्शियल मीटर घ्यावाच लागतो, कायदाच आहे तसा. माझ्या मेव्हण्याला मोठा दंड बसला होता. दुप्पट दराने वसुली केली.

रोहित्र
पावस_पॉइंट, मेव्हण्यांचा व्यवसाय कुठला होता आणि महिन्याला युनिट किती जळायची? वीज वितरणात बिलिंगलाच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून विचारतोय.

पावस_पॉइंट
झेरॉक्स आणि शीतपेयं. घराच्या पडवीत दुकान काढलं होतं, दोन मोठे फ्रिज होते. युनिट पाचशेच्या वर.

रोहित्र
मग दंड बरोबर बसला. पण त्यावरून लांजेकरीण यांना घाबरवू नका.

वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात घरगुती वर्गातच एक सवलत लिहिलेली आहे. राहत्या घराच्या एका भागात कुणी व्यवसाय करत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर दर घरगुतीच लागतो. तपासणी आर्थिक वर्षाच्या शेवटी होते. वर्षाचा आकडा ओलांडला तर पुढे व्यावसायिक दर, आणि तोही आधी कळवून. "घरात व्यवसाय म्हणजे कमर्शियल मीटर" हे सरसकट खरं नाही.

दुप्पट वसुली २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली होते. ज्या वापरासाठी वीज दिली तो सोडून दुसऱ्या वापरासाठी घेतली तर. किती दिवस चाललं ते ठरवता आलं नाही तर तपासणीआधीचे १२ महिने धरतात, म्हणून रक्कम मोठी दिसते. मेव्हण्यांच्या बाबतीत वापर त्या मर्यादेच्या बाहेरच होता.

लांजेकरीण, मागच्या वर्षभराची बिलं काढा आणि युनिट सांगा. मोटर किती वॅटची ते तिच्या पट्टीवर असतं.

लांजेकरीण
सगळ्यांचे आभार. बिलं पाहिली. पावसाळ्यात ९० ते १०० युनिट, मे महिन्यात सर्वात जास्त म्हणजे १४०. एसी नाही. मोटरवर १०० वॅट लिहिलंय. इस्त्री ७५० वॅटची.

रोहित्र
मांडून दाखवतो. मोटर १०० वॅट, रोज ५ तास, महिन्याला २५ दिवस धरले तर साडेबारा युनिट. तेही मोटर सतत फिरते असं मानून, प्रत्यक्षात कापड लावताना ती थांबलेली असते. इस्त्री ७५० वॅट, रोज पाऊण तास तापलेली धरली तर १४ युनिट. मुलांसाठी दोन तास पंखा आणि ट्यूबलाइट, ४-५ युनिट. सगळं मिळून जास्तीत जास्त ३२ युनिट वाढतील. मेमधले १४० अधिक ३२ म्हणजे १७२. तुम्ही ३०० च्या खूप खाली आहात.

हाच हिशोब काकांना पाठवा आणि दर महिन्याच्या बिलाचा फोटो पाठवत जा. एक इशारा: उद्या एसी घेतलात किंवा कारखान्यात असतं तसं मोठ्या मोटरचं मशीन आणलंत तर गणित पुन्हा मांडायचं.

गुहागरचा_सम्या
लोकहो, मालकाशी झगडत बसण्यापेक्षा गाळाच भाड्याने घ्या ना. आमच्याकडे एसटी स्टँडजवळ ४,००० ला गाळा मिळतो, मी पाठवू का नंबर?

लांजेकरीण
सम्यादादा, मुलगी दीड वर्षाची आहे, म्हणूनच घरातून करायचं आहे. आणि पाच मुलांच्या फीमधून गाळ्याचं भाडं निघणार नाही.

सावंतवाडी_वकील
चिपळूणच्या घरमालकांनी जी तिसरी भीती सांगितली, त्यावर लिहिते.

तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपली की परत द्यावीच लागते. नाही दिली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागू शकतो. त्याच कलमाखाली लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. शिकवणी घेतली म्हणून जागेवर हक्क तयार होत नाही. हे काकांना समजलं तर त्यांचा जीव भांड्यात पडेल.

पण नाण्याची दुसरी बाजू तुम्हीही समजून घ्या. कागदावर जे आहे तेच निर्णायक असेल, तर "केवळ निवासी वापर" हे वाक्य आज तुमच्या विरोधात उभं आहे. काकांनी फोनवर "कर गो बाळा, काही हरकत नाही" म्हटलं आणि उद्या त्यांच्या मुलाने व्यवहार हातात घेतला, तर तुमच्याकडे दाखवायला काही नाही. म्हणून खेडशीनाक्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

खेडशीनाका
वकीलबाई, मान्य की कागद असलेला बरा. पण गरजू माणसाला नकार आला तर त्याचं काय? कागद मागायला गेलं की मालक बिथरतात हेही खरं आहे. माझ्या बहिणीने प्रामाणिकपणे विचारलं आणि दोन महिन्यांत घर सोडावं लागलं.

सावंतवाडी_वकील
असं होतं, नाकारत नाही. मालकाला नाही म्हणायचा अधिकार आहे आणि त्यावर कायद्यात औषध नाही. फक्त मुदत सुरू असताना निव्वळ विचारलं म्हणून घर सोडायला लावता येतं का, ते करारातल्या नोटिशीच्या अटीवर ठरतं. लांजेकरीण, तुमच्या करारात एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना असेल तर ती जोखीम आहे. ती अट वाचून मगच फोन उचला.

देवगडची_सुमी
गो बाये, इचारून टाक. मालक कोकणातलो असा, झिलग्यांक गणित शिकवतंस म्हटल्यावर नाय म्हणाचो नाय. फक्त फोन सकाळी करू नको, ऑफिसात जावची घाई असता. रात्री जेवणानंतर कर, नि आदी काकींशी बोल.

नववीचा_वर्ग
माझाही प्रश्न इथेच विचारते. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, भाड्याने राहते. मालकांची हरकत नाही. मग मी घरी चार मुलं घेतली तर चालेल ना?

सावंतवाडी_वकील
नाही ताई. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २८ प्रमाणे शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. तिथे मालकाच्या परवानगीचा संबंधच नाही. लांजेकरीण कुठल्या शाळेत नोकरीला नसतील तर त्यांना ते लागू नाही.

नववीचा_वर्ग
पण आमच्याकडे सगळेच घेतात...

मालवण_शिवण
मी मालवणात भाड्याच्या घरात बरीच वर्षं शिवतेय, तीन घरं बदलली. तक्रार येते ती मशीनच्या आवाजाची नाही, हादऱ्याची. जमीन टाइल्सची असेल तर मशीनचे पाय थरथरतात आणि खालच्या मजल्याला घुं घुं ऐकू जातं. चारही पायांखाली जाड रबर घाला, त्याखाली जुन्या सतरंजीची घडी, आणि मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका. दुपारी दोन ते चार मशीन बंद. खाली कुणी म्हातारं माणूस असेल तर आधी जाऊन भेटा, आणि तुमच्या घरात कुणीतरी मशीन चालवत असताना त्यांच्या खोलीत उभं राहून स्वतः ऐका.

दुसरं, गिऱ्हाईक. ब्लाऊज द्यायला एकदा, ट्रायलला एकदा, न्यायला एकदा, अशा एका ब्लाऊजच्या तीन फेऱ्या. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर रांग लागते, आणि सगळ्यांना चतुर्थीच्या आदल्या दिवशी हवं असतं. मी देण्याघेण्याचे दोनच वार ठेवलेत, बाकी दिवशी दार उघडत नाही. सोसायटीत हे फार उपयोगी पडतं, कारण लोकांच्या डोळ्यावर येतो तो जिन्यातला राबता.

पिको-फॉलचं मशीन मात्र लगेच घेऊ नका. त्याचा आवाज वेगळाच असतो आणि गिऱ्हाइकंही तिप्पट होतात.

चिपळूणचा_घरमालक
पावसाळ्यातल्या छत्र्या विसरू नका. सहा मुलं म्हणजे सहा ओल्या छत्र्या, सहा जोडी चपला, आणि जिन्यात पाण्याचं तळं. माझ्या सोसायटीतली तक्रार नेमकी त्यावरून सुरू झाली होती, एक आजी घसरता घसरता वाचल्या. बादली आणि चपलांचा रॅक दाराच्या आत ठेवायचा, बाहेर नाही.

आराखडा
नगररचनेत आरेखक होतो. एक गोष्ट कुणी लिहिली नाही. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेली, तिच्यात निवासी भागात चालणाऱ्या गोष्टींत घरगुती व्यवसाय धरलेत आणि शिवण, भरतकाम यांची नावं घेऊन लिहिलंय. अटी अशा की काम घरातल्याच माणसांनी करायचं, पगारी कामगार ठेवायचा नाही, आणि मोटर वापरली तर एकूण भार ०.७५ किलोवॅट, म्हणजे एक अश्वशक्तीच्या वर जायचा नाही. तुमची मोटर १०० वॅटची, मर्यादेच्या सातव्या भागाइतकीही नाही.

म्हणजे शिवणकामाने फ्लॅटचा "वापर बदल" होत नाही, हे तुम्ही काकांना ठामपणे सांगू शकता. हाताखाली पगारावर मुलगी ठेवलीत की चित्र बदललं. आणि हे लक्षात ठेवा, नियमावलीने मुभा दिली म्हणजे मालकाच्या करारातली अट रद्द होत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

पावस_पॉइंट
रोहित्र आणि आराखडा, धन्यवाद, मला हे माहीत नव्हतं. पण सोसायटीचं काय? आमच्या सोसायटीत एका भाडेकरूला शिकवणीसाठी महिना ५०० रुपये जादा लावलेत.

चिपळूणचा_घरमालक
सोसायटीकडे अर्ज मालकानेच करायचा, भाडेकरू सभासद नसतो. मी असतो तर सेक्रेटरींना वेळ, मुलांची संख्या आणि पाटी लावणार नाही हे लिहून दिलं असतं.

सावंतवाडी_वकील
भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. "शिकवणी शुल्क" नावाचा आकडा कमिटीने मनाने लावणं मला पटत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवा म्हणावं.

आराखडा
वकीलबाई, इथे थोडा मतभेद. फ्लॅटचा वापर मंजूर कामाव्यतिरिक्त करायचा तर सोसायटीची लेखी परवानगी लागते, असं उपविधीत असतं. सहा मुलांची शिकवणी त्यात बसते का, यावर प्रत्येक कमिटी वेगळं बोलते. ठराव करून शुल्क लावलं तर भांडायला जाऊन वातावरण बिघडवू नये असं मला वाटतं.

सावंतवाडी_वकील
वातावरणाचं बरोबर. पण बेकायदा पैसे मुकाट्याने द्यायचे हे मी सांगणार नाही.

लांजेकरीण
सगळं वाचून मालकांना पाठवायचा मजकूर लिहिलाय. आधी फोन करेन, मग हा व्हॉट्सअॅपवर. काही चुकतंय का बघा.

"काका, सादर नमस्कार. फोनवर बोलल्याप्रमाणे लिहीत आहे. घरी मी स्वतः दुपारच्या आधी थोडं शिवणकाम आणि सोमवार ते शुक्रवार साडेचार ते साडेसहा सहा मुलांची शिकवणी घेऊ इच्छिते. कामाला कुणी ठेवणार नाही, बाहेर पाटी लावणार नाही, जागेचा कुठलाही भाग दुसऱ्याला देणार नाही. वीज महिन्याला सुमारे ३२ युनिट वाढेल, हिशोब सोबत जोडला आहे. दर महिन्याचं बिल पाठवीन. वापरामुळे काही आकार वाढला तर तो मी भरेन. ही परवानगी कराराच्या मुदतीपुरतीच असेल. तीन महिने पाहून तुम्हाला किंवा सोसायटीला त्रास वाटला तर शिकवणी बंद करीन."

सावंतवाडी_वकील
चांगलं लिहिलंय. दोन बदल करा. "काही आकार वाढला तर" हे फार मोघम आहे, उद्या घरपट्टीही त्यात येईल. "विजेच्या दरात फरक पडल्यास तो फरक" असं लिहा. आणि शेवटी "शिकवणी बंद करीन" च्या पुढे "तीस दिवसांच्या आत" घाला, मुलांची परीक्षा तोंडावर असली तर हातात वेळ हवा.

काका हो म्हणाले तर एका कागदावर संमतीपत्र करून त्यांची सही घ्या. नूतनीकरणाच्या वेळी तेच वाक्य करारातल्या इतर अटींत घाला. वापर "निवासी"च ठेवायचा, फक्त पुढे "लायसन्सीने स्वतः करावयाचे शिवणकाम व सहा विद्यार्थ्यांपर्यंत शिकवणी यास मालकाची संमती आहे" एवढं जोडायचं. नवीन ११ महिन्यांच्या कराराला तुमच्या भाड्यावर पाव टक्क्याने मुद्रांक अडीचशे-तीनशेच्या घरात जाईल आणि शहरात नोंदणीचे १,०००. तो खर्च तसाही होणारच आहे.

देवगडची_सुमी
"सादर नमस्कार" काढ गो, काकाक पोस्टातलो माणूस लिवतासा वाटतला.

लांजेकरीण
काल रात्री बोलले. आधी काकींशी, सुमीने सांगितल्याप्रमाणे. काकांनी शिवणकामाला लगेच हो म्हटलं. लाइटबिलाचा हिशोब पाहून म्हणाले, हे कुणी करून दिलं? जागा सोडण्याबद्दल त्यांनीच विचारलं, तेव्हा मुदतीचं वाक्य वाचून दाखवलं. शिकवणीला मात्र अजून पूर्ण हो नाही. सेक्रेटरींशी स्वतः बोलतो म्हणाले, आणि सहाऐवजी चार मुलांनी सुरुवात कर म्हणाले. भाडं वाढवायचं काही बोलले नाहीत, पण नूतनीकरणाला ५०० वाढ मागतील असं वाटतंय.

नोटिशीची अट वाचली. एक महिना, दोन्ही बाजूंना. सही केलेलं संमतीपत्र शिवणकामापुरतं पुढच्या आठवड्यात कुरिअरने येतंय.

चिपळूणचा_घरमालक
चार मुलांवर तयार झाले म्हणजे शिकवणीलाही निम्मे तयार आहेत. सेक्रेटरींकडे त्यांनाच जाऊ दे, तुम्ही मध्ये पडू नका. ५०० मागितले तर लगेच हो म्हणू नका, दोन वर्षं तेच भाडं ठेवण्याची अट घाला.

खेडशीनाका
चांगलं झालं. माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, कारण सगळे मालक डोंबिवलीच्या काकांसारखे नसतात. पण बहिणीला हा धागा पाठवतोय, ती नव्या घरात पुन्हा विचारायचं म्हणतेय. तिचं काम केकचं आहे, ओव्हन १,५०० वॅटचा. रोहित्र, तो रोज दोन तास धरला तर किती युनिट होतील?

रोहित्र
दीड किलोवॅट गुणिले दोन तास गुणिले पंचवीस दिवस, ७५ युनिट. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद करतो म्हणून प्रत्यक्षात कमी. घरचं बिल किती येतं ते सांगा. आणि केक विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.